नावाचा अर्थ गाळू नका

“कानाने नको गं, तळव्याने ऐक.”

वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तो घोगरा आवाज तिच्या मनात अजून तसाच होता. घंटा ओतायच्या कारखान्यात हातोड्यांच्या घणघणाटाने त्यांचे कान केव्हाच गेले होते. तरी नवी घंटा वाजवली, की ती टांगलेल्या तुळईला ते तळवा लावायचे आणि डोळे मिटायचे. थरथर सलग आली तर घंटा चांगली. मध्येच अडखळली तर कुठेतरी तडा, पुन्हा भट्टीत. त्याच कारखान्यात आता ती घंटा पारखायची, आणि गेल्या महिन्यात ती आत्याही झाली होती.

आज बाळाचं नाव जाहीर व्हायचं होतं, आणि त्यानंतर सगळ्यांच्या वतीने शुभेच्छेचे चार शब्द तिनेच बोलायचे होते. ओव्या जुळवायची हौस तिला लहानपणापासून. पण या खेपेला ओळ काही जुळेना.

नाव बाळ पोटात असतानाच ठरलं होतं. अनुनाद. मग जन्मानंतर कानांची तपासणी झाली, पुन्हा झाली, मोठ्या यंत्रावरही झाली. बाळाला ऐकू येत नव्हतं. हे आईबापांना माहीत, आत्याला माहीत. बाकी कुणाला भावाने कळू दिलं नव्हतं.

सकाळी खुर्च्या मांडता मांडता त्याने तिला गाठलं. “ताई, अर्थाच्या भानगडीत पडू नकोस. नाव घे, आयुष्य माग, मोकळी हो.”

“मग नाव बदला ना.”

“तुझी वहिनी ऐकत नाही.” स्वतःच्याच शब्दाला तो ठेचकाळला आणि खुर्ची उचलून निघून गेला.

आत वहिनी बाळाला झबलं घालत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, अर्थ गाळू नका हं. आपणच अर्थाला लाजलो, तर तो हे नाव उभा जन्म कसा वागवेल?”

“कारखान्यातली छोटी घंटा आणू का? त्याचा हात लावून...”

“नको. तमाशा नको त्याचा.”

खरंच होतं ते. आत्या ओसरीत बसून ओळी जुळवू लागली. ‘तुझा आवाज दुमदुमो’ आलं, तिने पुसलं. धादांत खोटं. ‘गोड शब्द कानी पडोत’ तर जीवघेणंच. शुभेच्छा म्हणजे नावाचं दार उघडून बाळाला आणि त्याच्या आईबापांना आत घ्यायचं. दारातच त्यांना ठेच लागली तर काय उपयोग? नावात जे नाही ते मागायचं नाही, आणि आहे ते झाकायचं नाही. मग नावात आहे तरी काय? तिने नकळत तळवा खांबाला लावला. पलीकडच्या खोलीत भाऊ येरझाऱ्या घालत बाळाला छातीशी धरून गुणगुणत होता. बाळाची कुरकुर थांबली होती.

पाहुणे जमले. वहिनीने पाळण्याशी उभं राहून नाव सांगितलं. टाळ्या झाल्या. शेजारचे काका म्हणाले, “अनुनाद! म्हणजे आता आमची दुपारची झोप गेली म्हणायची!”

“तुमच्या घोरण्याला तोडीस तोड कुणीतरी हवंच होतं,” वहिनीची आई म्हणाली. सगळे हसले. भाऊ भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिला.

आत्या उठली. आधी तिने नाव घेतलं, सावकाश, पूर्ण.

“अनुनाद, ये बाबा. तुझ्या नावाचं या घरात स्वागत आहे. लोकांना वाटतं, अनुनाद म्हणजे मोठा आवाज. तसं नाही. एक थरथरतं, आणि त्याच्या जोडीचं दुसरं काहीतरी आपोआप थरथरू लागतं, तो अनुनाद. माझे वडील तो तळव्याने ओळखायचे. त्याला जोडीदार लागतो, एकट्याने होत नाही. म्हणून ही शुभेच्छा एकट्या बाळाला नाही, त्याच्या आईबापांनाही आहे.

बाप गुणगुणे, छातीत उठे लाट,
बाळाच्या हाडाहाडांत तिला मिळे वाट.
आई थोपटे, हाताला कळे हात,
नाव राहो असंच दोन जिवांच्या आत.

तुम्ही तिघं एकमेकांना असेच उमगत राहा. आम्हालाही हळूहळू शिकवा.”

“शिकवा म्हणजे काय गं?” वहिनीच्या आईने हळूच विचारलं.

आत्याने भावाकडे पाहिलं. ते सांगणं तिचं नव्हतं.

भाऊ भिंतीपासून दूर झाला. पाळण्यातून त्याने बाळाला उचललं, छातीशी घेतलं. ते चिमुकलं तोंड त्याच्या सदऱ्यात विसावलं.

“आई,” तो सासूला म्हणाला, आणि मग सगळ्यांना, “आमच्या अनुनादला ऐकू येत नाही. पण मी गुणगुणलो, की त्याला कळतं.”