सहा पॅनल की कुरडया

सायखेड्यात भरदुपारी लाइट गेली की शुभांगी आधी लेकीकडे बघायची. आठ महिन्यांच्या योगिनीच्या पाठीवर घामोळ्यांची नक्षी उठली होती. डॉक्टर म्हणाले होते, "वारा लागू द्या." वारा काय मेडिकलात मिळतो?

म्हणून सोलरवाला अकबर बोलावला. त्याने चार जुने पंखे, ट्यूबा आणि घरघरणारा फ्रिज पाहून हिशेब सांगितला, "सहा पॅनल. पूर्ण गच्ची लागेल."

सासूबाई, म्हणजे सरुबाई, तिथंच उखडल्या. "आन् माझ्या कुरडया कुठं वाळत घालू? तुझ्या टकलावर?"

"काकू, तिथं दोनच बसतील," अकबरने डोक्यावरून हात फिरवला.

शुभांगीने पुष्कळ वाचून ठेवलं होतं. "भाऊ, डीसीवर चालणारे, कमी वीज खाणारे बीएलडीसी पंखे लावले तर? आणि एलईडी दिवे, नवा फ्रिज?"

"जुना पंखा पंच्याहत्तर वॅट खातो, हा अठ्ठावीस. आणि बॅटरीवरून सरळ चालतो, इन्व्हर्टर फक्त फ्रिजपुरता. मग दोन पॅनलांत भागेल. बॅटरीही छोटी."

"अठ्ठावीस?" सरुबाई हसल्या. "त्याला माशी तरी उडंल का? जो आवाज नाय करत तो वारा काय देणार? लेकराला उकडून मारायचंय व्हय?"

हे शेवटचं वाक्य शुभांगीला टोचलं. लेकीची भीती तिलाही होतीच.

"मग पैज लावू, आत्या. बघू कुणाचा पंखा जास्त वेळ वारा देतो."

दुसऱ्या दिवशी अकबर सारख्याच दोन छोट्या बॅटऱ्या, एक इन्व्हर्टर आणि नवा पंखा घेऊन आला. लाइट गेल्यावर एकीवर इन्व्हर्टरमार्फत जुना पंखा सुरू झाला, दुसरीवर सरळ तारेने नवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. जुन्याखाली सरुबाई थाटात आडव्या झाल्या. नव्याखाली योगिनी, आणि शेजारी तिचं झबलं सारखं चाचपणारी शुभांगी.

"बघ, कसा गरजतोय माझा!"

तासभर गरजला. मग इन्व्हर्टर पीं पीं ओरडला आणि पंखा गप्प.

"बिघडला मेला."

"बिघडला नाही काकू, बॅटरी खाऊन बसला," अकबर म्हणाला.

नवा फिरतच होता. सरुबाईंनी पाच मिनिटं आपला ताठा राखला. घाम मानेवरून पाठीत उतरला, तसं त्यांनी उठून चटई ओढत आणली.

"सरक गं. माझ्या नातीचा वारा एकटीच खातीस."

आणखी दोन तासांनी लाइट आली, तेव्हाही नवा पंखा चालूच होता. सरुबाईंनी खडू शोधला, अकबरला गच्चीवर पिटाळलं आणि मागोमाग जाऊन रेघ मारली. "ह्या कोपऱ्यात तुझे दोन. रेघ वलांडली तर तंगडं मोडीन!"

"आणि तुमच्या साडीची सावली पॅनलवर पडली, तर वीज कमी होईल, काकू."

"बरं बरं, साडी तिकडं वाळवीन."

खाली योगिनी पाय पसरून इतकी शांत झोपली होती, की शुभांगीने तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.