दोन्हीकडून घट

ड्वेन हॉगनला मी लुबाडलं, असं लोक म्हणतात. ते मला मान्य नाही. मी त्याला रोज सकाळी फोन करून भाव विचारला, त्याने भाव सांगितला, मी "झालं" म्हटलं. शिकागोत आमच्या धंद्यात हा शब्द तोंडातून गेला की सौदा पक्का, मग वकील आणा नाहीतर बाप आणा. वाईट वाटतं ते झिग्मंट बिएलाकचं, आणि तेही अजून जात नाही म्हणून मी हे सांगत बसले आहे.

हॉगन मूळचा आयोवाचा शेतकऱ्याचा मुलगा. अठरा वर्षं सोयाबीनच्या वायद्याच्या रिंगणात उभा राहून ओरडला, गळा फाटला, गुडघे गेले, तेव्हा एका मध्यम बँकेने त्याला व्याजदरांचे सौदे करणाऱ्या विभागाचा प्रमुख केलं. मी त्याच बँकेत त्याच्या हाताखाली चार वर्षं काढली. मी गणितातली पदवी घेऊन आले होते आणि तो मला सगळ्यांसमोर "प्रोफेसर" म्हणून हाक मारायचा. माझे कागद न वाचता त्यावर कॉफीचा कप ठेवायचा. कागदावरचे ते तपकिरी गोल मी विसरले नाही. शेवटी मी रस्त्यापलीकडच्या मोठ्या बँकेत गेले.

त्या कागदांपैकी एकावर जे होतं, त्यावरच पुढे माझं घर उभं राहिलं. गोष्ट साधी आहे. दहा वर्षांनंतर व्याजाचा दर काय असेल यावर दोन तऱ्हेने सौदा करता येतो. एक, दोन बँकांनी आपसात करार करायचा आणि पैसे मुदत येईल तेव्हा चुकवायचे. दुसरा, बाजारात वायदा घ्यायचा. तिथे भाव हलला की हरलेल्याने त्याच दिवशी रोख भरायची आणि जिंकलेल्याने त्याच दिवशी उचलायची. हॉगन म्हणायचा, वस्तू एकच, दिवस एकच, मग भावही एकच. सोयाबीनमध्ये ते जवळपास खरंच असतं. सोयाबीन वर गेलं म्हणून व्याज वर जात नाही. रोज मिळालेले पैसे कधी महाग व्याजाने लागतात, कधी स्वस्त, आणि सरतेशेवटी फिट्टंफाट होते.

पण आमच्याकडे वस्तू म्हणजेच व्याज, आणि व्याजाच्या वायद्याचा भाव दराच्या उलट चालतो: दर चढला की भाव पडतो. दर वाढला की वायदा घेतलेल्याला रोख भरावी लागते, आणि ती उसनी आणायची तर नेमकं उसनं महाग झालेलं असतं. दर पडला की त्याच्या हातात रोख येते, आणि ती गुंतवायला गेलं तर नेमकं व्याज स्वस्त झालेलं असतं. दोन्हीकडून त्याचीच घट. वायदा विकणाऱ्याचं नेमकं उलटं, त्याची दोन्हीकडून चंगळ. म्हणून वायद्यात दिसणारा दर आपसातल्या कराराच्या खऱ्या दरापेक्षा थोडा जास्त असतो, आणि मुदत जितकी लांब तितका तो फरक वाढतो. जवळच्या महिन्यांत तो दिसतही नाही, दहा वर्षांवर तो अर्ध्या टक्क्यापर्यंत जातो. तेव्हा, म्हणजे त्र्याण्णव साली, बाजारातल्या पुष्कळांना हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते तोंड मिटून होते.

हॉगन वायद्याचे दर जसेच्या तसे उचलून त्यावरून आपला दहा वर्षांचा भाव काढायचा. मी त्याच्याकडून तो जास्तीचा ठरावीक दर दहा वर्षांसाठी घ्यायचे, त्याच्या बदल्यात बाजारात चालू असेल तो दर त्याला द्यायचे, आणि लगेच तेवढेच वायदे विकून टाकायचे. तो दुसऱ्या बाजूला तेवढेच वायदे विकत घ्यायचा आणि आपण मोकळे झालो असं समजायचा. दर वर गेले, मी कमावलं. खाली आले, मी कमावलं. वर्षभरात आमच्या दोघांत पन्नास कोटी डॉलरचे करार झाले असतील.

हॉगनच्या बँकेत रोजचा हिशेब जुळवायचं काम बिएलाककडे होतं. अठ्ठावन्न वर्षांचा पोलिश माणूस, एकोणतीस वर्षं एकाच बँकेत, तीस भरली की पूर्ण पेन्शन. मी तिथे नवी असताना माझं पहिलं मोठं चुकलेलं टिपण त्याने गुपचूप दुरुस्त केलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोने दिलेल्या डब्यातले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, तो मला अर्धे द्यायचा, कारण मी दुपारी जेवत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्या मजल्यावर मला नावाने हाक मारणारा तो एकटा.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत दर उसळले, आणि बिएलाकचा हिशेब जुळेना. दर जोरात हलला त्या दिवशी तीस-पस्तीस लाखांच्या देवाणघेवाणीत दहा-बारा हजार कमी पडायचे. एवढ्या पसाऱ्यात एवढी तूट म्हणजे कुणाच्याही डोळ्यांना बेरजेतली चूकच दिसणार. हॉगनला तशीच दिसली. त्याने स्वतःच्या भावावर शंका घेतली नाही, म्हाताऱ्यावर घेतली. सगळ्यांसमोर त्याला चष्मा बदल म्हणाला. मग मार्चमध्ये त्याच्यासमोर एक कागद ठेवला: तूट माझ्या नोंदींतल्या चुकांमुळे झाली, असं लिहून सही कर, नाहीतर चौकशी लावतो.

बिएलाकने सही करण्याआधी मला फोन केला. चौकशी, सही, पेन्शनला उरलेले अकरा महिने, सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं आणि मग विचारलं.

"इरेना, तू गणितातली आहेस. मी सगळं चारदा तपासलंय. वायदे आणि करार अगदी बरोबर जोडीने आहेत. तरी दर वर गेला तरी कमी पडतात आणि खाली आला तरी कमी पडतात. असं होऊ शकतं का?"

माझ्यासमोर पडद्यावर हॉगनचा त्या सकाळचा भाव होता. मला फक्त "हो" म्हणायचं होतं. पण हो म्हटलं असतं तर बिएलाक ते घेऊन वर गेला असता, हॉगनचा भाव दुसऱ्या दिवशी सुधारला असता आणि माझी दुभती गाय आटली असती. मी विचार करायला वेळ घेतला असं सांगायला मला आवडेल. घेतला नाही.

"दोन्हीकडून कसं कमी पडेल?" मी म्हटलं. "बेरजेत कुठेतरी राहत असेल. वय होतं, बिएलाक, प्रत्येकाचं होतं."

 तो थँक्यू म्हणाला. दुपारी त्याने सही केली. हॉगनने मोठा उपकार केल्यासारखं दाखवून त्याला चौकशीशिवाय घरी पाठवलं, अर्ध्या पेन्शनवर.

मे महिन्यात मिलवॉकी अव्हेन्यूवर एका पोलिश खानावळीत त्याने मला जेवायला बोलावलं. मी गेले. का गेले ते माहीत नाही. बहुधा त्याला काही कळलं नाही ना याची खात्री करायला. तो हडकला होता. कोट मात्र नीट इस्त्रीचा होता. त्याने सूप बाजूला सरकवून शाळेची असते तशी वही टेबलावर उघडली. एका पानावर दर वाढलेले दिवस, दुसऱ्यावर पडलेले. प्रत्येक दिवसासमोर किती रोख गेली किंवा आली, ती त्या दिवशी कोणत्या व्याजाने उसनी घेतली किंवा गुंतवली, आणि करारातलं जे देणंघेणं वर्षांनंतर यायचं त्याची आजची किंमत. दोन महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, साध्या बेरजा-वजाबाक्या करून, तो माझ्या त्या कागदावरच्या उत्तरापर्यंत पोचला होता. मी डोळ्यांनी आकडे तपासले. बरोबर होते.

"भरायची वेळ येते तेव्हा पैसा महाग, मिळायची वेळ येते तेव्हा स्वस्त," तो म्हणाला. "बेरीज चुकली नव्हती. भावच चुकीचा आहे. बरोबर?"

मी चमचा खाली ठेवला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"करारांच्या कागदांवर तुमच्या बाजूला तुझी सही असते, इरेना. मी ते कागद रोज फाईल करायचो. तुला माहीत होतं."

मी वही मिटून त्याच्याकडे सरकवली. त्याने मान हलवली. पुढे म्हणाला की त्याबद्दल त्याला बोलायचं नाही, धंदा धंद्यासारखा असतो. सकाळी या वहीची हाताने उतरवलेली दुसरी वही घेऊन तो हॉगनकडे गेला होता. हॉगनने दारातच उभं ठेवलं, दोन पानं उलटली आणि म्हणाला, हिशेब न जमणाऱ्याने मला भाव शिकवू नये. ती वही बिएलाक तिथेच ठेवून आला होता.

"माझं तो ऐकणार नाही," बिएलाक म्हणाला. "तुझं ऐकेल. तू त्याला एवढंच सांग की वही वाच. तुझं नाव मी कुठे घेणार नाही. त्याने वाचली तर बँक मी सही केलेला तो कागद रद्द करेल. बायकोला अजून वाटतं की माझी चूक झाली."

मी बघते म्हणाले. बिल त्याने दिलं, मला देऊ दिलं नाही. दारातून बाहेर पडताना त्याने बायकोने माझ्यासाठी दिलेला पिएरोगीचा डबा माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे हॉगनला फोन केला आणि दहा वर्षांचा भाव विचारला. त्याने सांगितला, वायद्यावरून जसाच्या तसा.

"झालं," मी म्हटलं. "पाच कोटी."

"झालं, प्रोफेसर." त्याचा फाटका आवाज खुशीत होता. मग हसत म्हणाला, "काल तो म्हातारा पोलिश एक वही घेऊन आला होता. म्हणतो माझे भावच चुकीचे. वही इथे टाकून गेलाय. तू गणितातली ना, तुला काय वाटतं, वाचू का?"

काल संध्याकाळी मी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला होता. अजून उघडला नव्हता.

"म्हातारा थकलाय, ड्वेन," मी म्हटलं. "टाकून दे."

टेलिफोनवरून मला कचऱ्याच्या टोपलीत वही पडल्याचा आवाज आला. मग मी विचारलं की आणखी पाच कोटींसाठी तोच भाव आहे का, आणि तो आहे म्हणाला.