मधल्या खात्यातली घोंगडी

माझी बायको मायाक्का गेल्याचं मला कारखान्यात कळलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी टॉवेलच्या लूमवर काम करतो. मुकादम बसवराज आला आणि त्याने माझा लूम स्वतःच्या हाताने बंद केला. म्हणाला, "जोतिराम, हात धू. चल माझ्या गाडीवर."

ती बीपीच्या गोळ्या आणायला गेली होती. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच गेली. तिची पिशवी नर्सने माझ्याकडे दिली. पिशवीतल्या फोनवर मेसेज आलेला होता. तुमची घोंगडी मागावर चढली आहे.

ही घोंगडी तिने कारागिरांच्या मालाच्या एका ॲपवर मागवली होती. विणणारा बिरप्पा तिच्याच माहेरचा, सांगोल्याकडचा. गावातला माणूस असून ॲपवरून कशाला, असं मी तिला विचारलं होतं. तेव्हा ती हसली होती. "ओळखीत कुणी पैशाला तोंड उघडत न्हाई. तो मागत न्हाई, आन् आमी देत न्हाई. हितं बरं हाय. मी पैसे भरले, पण त्याला मिळाले न्हाईत. बँकेत मधलं एक खातं आस्तं, एस्क्रो म्हणत्यात. घोंगडी माज्या हातात आली की मग त्याला. न्हाई आली तर माजे मला परत. मधी कुणीतरी धरून बसलंय म्हणायचं."

तेराव्यानंतर बिरप्पाचा फोन आला. तो मला दाजी म्हणतो.

"दाजी, घोंगडी तयार हाय. अक्काच न्हाई, आता काय करू सांगा. अजून पाठवली न्हाई, तवर ऑर्डर रद्द हुतीया. पैसे जिथनं आले त्याच खात्यात माघारी जातील."

"तुझ्या कष्टाचं काय?"

"लांबी जास्त हाय, दुसरा कोण घेनार? अक्कानं मुद्दाम सांगितली हुती. तुमची उंची सांगितली आन् म्हणली, वर हातभर ठेव. त्यांचे पाय उघडे पडत्यात."

मी म्हटलं, पाठव.

माल हातात देताना कुरिअरवाल्याला एक कोड सांगावा लागतो. तो मायाक्काच्या फोनवर येणार होता. फोन मी बंद करून तिच्या साड्यांबरोबर कपाटात ठेवला होता. पार्सल निघाल्याचं बिरप्पाने सांगितलं. कुरिअरवाला येण्याआधी मला फोन करील, मग आपण घरी जाऊन फोन चालू करू, असं मी धरून चाललो होतो.

मला कुणाचाच फोन आला नाही. पहिल्या पाळीवरून घरी आलो, कुलूप उघडलं, तर बिरप्पाचा फोन.

"मिळाली न्हवं दाजी? कोड बरोबर पडला म्हणून दाखवतंय. कशी वाटली?"

घरात घोंगडी नव्हती. दोन खोल्यांचं घर आहे, शोधायला वेळ लागत नाही. शेजारच्या केराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आला हुता की पार्सलवाला. दाराशी बोलला आन् गेला. मला वाटलं तुमी घरी हायसा."

"कुलूप होतं, केराबाई."

त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "मग मी काय सांगू," म्हणाल्या.

बिरप्पाकडून कुरिअरवाल्याचा नंबर घेतला. शहाजी त्याचं नाव. सरळ माणूस वाटला.

"बाईंनी घेतलं की," तो म्हणाला. "दार अर्धवट उघडं होतं. मी कोड विचारला, त्यांनी आतूनच सांगितला. हात तेवढा बाहेर आला. हिरव्या बांगड्या होत्या. म्हणाल्या, पायाकडची बाजू दुमडू नको. मला काय कळलं नाही. का हो, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही.

मग कपाट उघडलं. फोन बंदच होता. चालू केला तसे अडून राहिलेले मेसेज एकामागून एक येऊन पडले. दवाखान्याचा, गॅसचा, आणि शेवटी कोडचा. सहा आकडे. म्हणजे तो कोड या फोनवर चालू केल्यावरच पोचला होता. मग शहाजीला तो सकाळीच कुणी सांगितला?

ॲपच्या मदत नंबरवर अंकिता नावाच्या मुलीने फोन उचलला.

"काका, कोड ॲपमध्येही दिसतो. मॅडमचं खातं दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडं आहे का?"

"नाही. आम्ही दोघंच होतो."

"ठीक आहे. कोड पडला म्हणजे डिलिव्हरी झाली असं धरतात. पण पैसे अजून कारागिराला गेलेले नाहीत. डिलिव्हरीनंतर सात दिवसांची मुदत असते. त्यात मॅडमनी 'मिळाली, ठीक आहे' असं दाबलं तर लगेच सुटतात. काहीच केलं नाही तर मुदत संपल्यावर आपोआप सुटतात. 'मिळाली नाही' अशी तक्रार आली तर पैसे एस्क्रोमध्येच थांबतात. मग आम्ही दोन्ही बाजूंना विचारतो. कुरिअरवाल्याचीही चौकशी होते."

"आणि परत आले तर?"

"मॅडमच्याच खात्यात जातील. मॅडम बोलू शकतील का?"

ती गेल्याचं मी सांगितलं. अंकिता हळू आवाजात म्हणाली, "मग बँकेत मृत्यूचा दाखला द्यावा लागेल, काका. वारसाचे कागदही. तक्रार नोंदवू का?"

मी म्हटलं, थांबा थोडं.

बिरप्पाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "तुमाला मिळाली न्हाई तर तक्रार करा दाजी. मी राग धरनार न्हाई. पण मी दिली हाय. आन् तो म्हणतोय अक्कानं घेतली."

अडचण हीच होती. मिळाली नाही म्हणायचं तर शहाजी खोटा आणि बिरप्पाची मजुरी अडकली. तेवढंच असतं तरी मी तक्रार केली असती, कारण खरोखरच मिळाली नव्हती. पण तक्रार करायची म्हणजे दारात कुणीच नव्हतं असं मी लिहून द्यायचं. ते माझ्याच्याने होईना. तिचा फोन उघडा करून बसायचो. पडद्यावर प्रश्न असायचा, वस्तू मिळाली का? खाली दोन चौकोन. मी एकावरही बोट ठेवलं नाही.

मग पाळी बदलून मला रात्रपाळी लागली. सकाळी यायचं, दार लावायचं, दुपारपर्यंत झोपायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी असाच झोपलो होतो. पत्र्यावर ऊन होतं, तरी मला पाय नेहमी गार लागतात. मायाक्का त्यावरून चिडवायची. "मढ्यावानी पाय हायत तुमचे," म्हणायची.

जागा झालो तेव्हा पाय उबदार होते. नुसते गरम नव्हते, झाकल्यासारखे होते. पिंढऱ्यांना काहीतरी बारीक टोचत होतं. लोकरीचा वास येत होता आणि त्यात चिंचोक्याच्या खळीचा. नव्या घोंगडीला तशी खळ देतात. मी डोळे उघडले नाहीत. अंगठे हलवले तर वर कापड होतं, आणि त्याच्या पलीकडेही हातभर कापड होतं.

"मिळाली गं," मी म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा पायांवर काही नव्हतं. दाराला आतून कडी होती. पिंढऱ्यांवर लाल रेघा उठल्या होत्या, खाजवल्यासारख्या. त्या संध्याकाळपर्यंत राहिल्या. रात्रपाळीला बसवराजने पाहिल्या आणि विचारलं, "डास का रे?" मी हो म्हटलं.

मुदत संपली. मी काही दाबलं नाही, पैसे आपोआप सुटले. बिरप्पाचा फोन आला. "आले दाजी," एवढंच म्हणाला. मग त्याने विचारलं, "घोंगडी घावली व्हय?"

"पायाला पुरते," मी म्हणालो.

"मग बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

घोंगडी घरात मला अजून दिसलेली नाही. मायाक्काचा फोन मी दर दोन दिवसांनी चार्ज करतो. तिच्या मृत्यूचा दाखला बँकेत द्यायचा राहिला आहे.