गुंडीचे आठ आठवडे

गुंडीनं कान आणि मान ओरबाडून रक्ताळून घेतली होती, वर आठवड्यातून दोनदा ओकारी. मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी पिसवांचं औषध लावून पाहिलं. फरक शून्य. मग त्या घरच्या थोरल्या लेकीला म्हणाल्या, "खाण्याची ॲलर्जी रक्त तपासून कळत नाही. हळूहळू बदलत या पिशवीतल्या खाण्यावर आणा, उपाशी ठेवू नका. मग आठ आठवडे फक्त हेच. यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की अंगाला ती ओळखूच येत नाहीत. दुसरं काही जिभेला लागलं, की सगळं मुसळ केरात."

थोरलीनं घरी येऊन फर्मान काढलं. कोणासाठी, ते सांगायला नको. बाबा, म्हातारे शिंपी, मांडीवर बसलेल्या गुंडीला ताटातली कोंबडी भरवायचे. आई गेल्यापासून त्यांच्या जेवणाला तेवढीच सोबत.

"एक घाससुद्धा नाही, बाबा."

"बरं. बघितलेलं चालेल, की तेही पिशवीतूनच?"

तिसऱ्या आठवड्यात ओकारी थांबली. पाचव्यात मानेवर लव आली. सातव्यात गुंडी पुन्हा खाजवायला लागली.

थोरलीनं विचारलं नाही, ठरवलं.

"दीड महिना मातीत घातलात!"

"मी नाही गं दिलं."

"मग काय भिंतींनी दिलं? परवा दूध उतू गेलं ते आठवत नाही, हे बरं आठवतं!"

म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्यावर असा घाव घालायला अक्कल लागत नाही. त्या दिवसापासून बाबा दार लावून जेवू लागले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध, मलम, काही चाटायला देता?"

"पोटात केसांचा गोळा होऊ नये म्हणून दहा दिवस पेस्ट देतेय. पंजाला लावते. पण ते औषध आहे, खाणं नाही."

"नळीवर वाचा."

चिकनची चव. ठळक अक्षरात.

"पुन्हा पहिला दिवस," बाई म्हणाल्या.

थोरली तडक बाबांच्या खोलीत गेली. "बाबा, माझीच चूक होती. तुम्ही काही दिलं नव्हतं."

"दिलं होतं गं," बाबा तिचीच समजूत काढत म्हणाले. "तू ओरडलीस तेव्हा आठवेना. मग बसून बसून आठवलं. बारकासा तुकडा होता."

तिनं नळी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, मान डोलवली आणि म्हणाले, "तरी, मीच."

दुसरे आठ आठवडे चोख गेले. मग मुद्दाम जुनं कोंबडीचं खाणं दिलं; चौथ्या दिवशी खाज हजर. पिशवीवर आणलं, शांत झाली. गुन्हेगार पक्का झाला. पुढे नुसतं उकडलेलं मटण दोन आठवडे देऊन पाहिलं, ते गुंडीला पचलं.

थोरलीनं मटणाचा एक तुकडा बाबांच्या ताटात ठेवला. "द्या बाबा. चालतं तिला."

गुंडी मांडीवर चढली होती. बाबांनी तिला दोन्ही हातांनी अलगद खाली उतरवलं.

"तूच दे बाई," ते म्हणाले. "माझ्या हातचं तिला बाधतं."