चिमणाबाईंचे शब्द

१९५२ साली मी कोल्हापुरात नर्सिंग शिकत होते. माझी शाळा गारगोटीची, मराठीतली. इथे सगळे इंग्रजीत. म्हणून वहीत डावीकडे इंग्रजी शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. तो मला वॉर्डात दाखल असलेल्या चिमणाबाई पुरवत. त्यांचे हृदय कमकुवत झाले होते.

'ऑर्थोप्निया' म्हणजे काय ते सांगून, याला काय म्हणू, असे विचारल्यावर त्या हसल्या. "अगं पोरी, पडलं की जीव घुसमटतोय, उठून बसलं की बरं वाटतंय, असं लिव्ह की! एवढ्याला इंग्रजी कशाला?"

'चेन-स्टोक्स' श्वास मात्र परीक्षा जवळ आली तरी समजेना. त्यांनाही विचारले. "त्ये आमच्याकडं न्हाय बाई."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांची शुद्ध गेली. श्वास खोल खोल होत गेला, मग उथळ होत थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, पुन्हा तसाच. सिस्टरांनी नाडी धरायला सांगितली. मी धरली आणि श्वास बघत राहिले. संध्याकाळी खाट रिकामी झाली.

पाहिलेले सगळे मी वहीत 'चेन-स्टोक्स'च्या उजवीकडे मराठीत लिहिले. परीक्षेत तोच प्रश्न आला, उत्तरही पूर्ण आले. रडू आले नाही, आणि तेव्हा त्याचे नवलही वाटले नाही.