छायांकित भागाचे क्षेत्रफळ

शाळेच्या कचेरीत प्रिंटर ज्याच्या टेबलावर, राज्य त्याचे. आणि हे राज्य बारा वर्षे कारकून भाऊसाहेबांकडे होते. परीक्षेच्या तोंडावर मात्र मोठ्या सरांनी दारातूनच फर्मान सोडले, "भाऊसाहेब, हे शाईचं कार्ट्रिज परीक्षा संपेपर्यंत पुरलं पाहिजे. नाही पुरलं, तर प्रिंटर ग्रंथालयात जाईल."

ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून भाऊसाहेबांची पत्नीच होती. बाईमाणूस शांत, पण कपाटाच्या किल्ल्यासुद्धा नोंद करून देणारी. आपल्याच बायकोपुढे एका पानासाठी अर्ज करावा लागेल, ही कल्पनाच भाऊसाहेबांना मानवेना. त्यांनी त्याच क्षणी संगणकावर प्रिंटरची शाई वाचवणारी टोनर बचत सुरू केली, सगळ्या पानांसाठी, कायमची.

आरंभी ती पानांवर विरक्तीसारखी उतरली. सुट्टीच्या सूचना आल्या. अक्षरे काळ्याऐवजी करडी, तरी लख्ख वाचता येणारी. भाऊसाहेब हर्षले. "बघा, कुणाला कळलं तरी का?"

"ठळक मोठ्या अक्षरांना काय होणार आहे?" बायको म्हणाली. "पण माझी पुस्तकांची यादी बघा. बारीक टाईप, त्यात तुमची बचत. लेखकाचं नाव आहे की कागदाला सुरकुती पडलीय, हेच कळेना."

"तुझ्या डोळ्यांचा नंबर वाढला असेल."

"अहो, माझ्या डोळ्यांचं राहू द्या. कच्च्या प्रती, सूचना खुशाल बचतीत काढा. पण सरसकट नको."

नवरा बायकोचा सल्ला ऐकतो, पण पश्चात्ताप झाल्यावरच. भाऊसाहेबांचा पश्चात्ताप तीन दिवसांनी, गणिताच्या पेपरला, अकरा वाजून वीस मिनिटांनी आला.

गणिताच्या बाई वादळासारख्या कचेरीत शिरल्या. "भाऊसाहेब! पाचव्या प्रश्नात काय केलंत?"

"काय केलं?"

"वर्तुळात चौकोन, आणि मधला भाग छायांकित. 'छायांकित भागाचे क्षेत्रफळ काढा.' छाया कुठाय? चौकोन आहे, वर्तुळ आहे, छाया गायब! चाळीस मुलं वर्गात बसून छाया शोधतायत. एकानं उत्तर लिहिलंय, शून्य. एक म्हणतो, 'बाई, मला चष्मा लागला वाटतं.' आणि पुढच्या बाकावरचा कागदावर हाताची सावली पाडून तिचं माप घेतोय!"

भाऊसाहेबांनी फाईलमधून मूळ प्रत काढली. छाया तिथे होती; अगदी धुक्यासारखी, पण होती. बाईंनी काल तीच प्रत पाहून सही केली होती. मग त्या एका पानाच्या चाळीस झेरॉक्स काढताना धुके विरून गेले होते.

आवाज ऐकून ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी पान उजेडाकडे धरले. "बचतीत प्रिंटर शाईच्या भुकटीचे ठिपके विरळ टाकतो. काळ्या जाड अक्षराला त्याचं काही वाटत नाही. राखाडी छाया मुळातच विरळ, ती आणखी उपाशी राहते. मग झेरॉक्सला ती पांढरी वाटते. ज्याच्यावरून चाळीस प्रती निघणार, त्याच पानावर तुम्ही कंजुषी केलीत हो."

"मग आता बचत बंद करून चाळीस पानं काढू? कार्ट्रिजचा दिवा कालपासून लुकलुकतोय. ते संपलं तर—"

दारात मोठे सर उभे होते.

"संपलं तर?" सरांनी विचारले.

प्रिंटर वाचवावा की मुलांचे दहा गुण? भाऊसाहेबांनी दीर्घ श्वास घेतला आणि बारा वर्षांच्या राज्यावर पाणी सोडले. "सर, चूक माझी. बचत सरसकट लावली होती. आत्ता बंद करतो. मुलांचे गुण जाता कामा नयेत."

"चाळीस कशाला?" बायको म्हणाली. "एक काढा. झेरॉक्स मशीनचा टोनर वेगळा आहे."

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. खरेच की! त्यांनी बचत बंद केली, आकृतीचे एकच पान काढले. छाया घनगंभीर उतरली. दुसऱ्या खोलीतल्या झेरॉक्स मशीनने तिच्या चाळीस बहिणी पाच मिनिटांत बाहेर टाकल्या. गणिताच्या बाई गठ्ठा घेऊन धावल्या. वर्गातून "हं, आली!" असा समूहस्वर उमटला. वीस मिनिटे वाढवून मिळाली.

मोठ्या सरांनी लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहिले, मग भाऊसाहेबांकडे. "चूक स्वतःहून कबूल केलीत, आणि कार्ट्रिजही अजून चालतंय. प्रिंटर इथेच राहील."

भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळले.

"फक्त," सर म्हणाले, "सेटिंगचा पासवर्ड ग्रंथपालबाईंकडे राहील."

दुपारी भाऊसाहेब ग्रंथालयाच्या टेबलापुढे उभे राहिले. "उद्याच्या इतिहासाच्या पेपरची मूळ प्रत काढायचीय. नकाशा आहे."

बायकोने डोके वर न करता वही पुढे सरकवली. "बचत बंद हवी, असं कारणासह लिहा. आणि अक्षर जरा गडद काढा."