सोळा मात्रा, बारा मात्रा

ताईच्या लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाचं गाणं काकांनी अंगावर घेतलं होतं. चाल जुन्या सिनेमातली, दोन्ही घरांना तोंडपाठ. शब्द तेवढे नवे, चिडवायचे. दुपारी तालमीच्या वेळी त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "मराठी मी जुळवलंय. नवरदेवाकडच्यांना कळायला खाली हिंदी लिही. कोर्टात दुभाष्याचंच काम करतेस ना?"

मी वाचत होते, तोवर काकांनी ती ओळ चालीत म्हणूनही दाखवली.

*छत्तिस वर्षे पडुनी होती, घेउन गेला कोणी.*

सोळा आणि बारा मात्रा, चोख. त्याचाच जास्त राग आला. मनापासून बसवलेली होती ती ओळ. शेजारच्या खोलीत ताई साडीला इस्त्री करत होती. इस्त्री थांबल्याचं मला ऐकू आलं.

"याचं हिंदी होणार नाही," मी म्हणाले.

"का? सोपं तर आहे."

"कोर्टात कुणी काहीही बोललं तरी मी जसंच्या तसं सांगते. घरात नाही सांगणार."

"चेष्टा आहे गं. चेष्टाही कळत नाही का तुला?"

"वयाची चेष्टा! वय तिने काय करून बदलायचं?"

त्यांनी कागद ओढून घेतला. "मग तूच लिही. बघू, कोण हसतंय ते."

मी कोरा कागद घेऊन बसले. ताई सतत "आले आले" म्हणते आणि येत नाही, हे ती स्वतःच हसत सांगते. ते घेतलं. होणाऱ्या भावजींचं माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या बहिणीला फोन केला. "चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतात," ती हिंदीतून म्हणाली, "बिनधास्त लिहा, त्यांना मी विचारते." दोन मिनिटांत होकार आला.

आता दोन भाषांचं यमक हवं होतं. शेवटचा शब्द दोन्हीकडे कळणारा पाहिजे, नाहीतर अर्धा हॉल नुसता बघत बसतो. 'सारी' सापडला. बोटांवर मात्रा मोजल्या. टाळीच्या ठोक्यावर 'आ' आणि 'चश्' आले, लांब सुरावर 'री'.

*आले आले म्हणते ताई, तास उलटतो दारी,*
*चश्मा माथे पर है फिर भी, ढूँढे दुनिया सारी.*

ताईला आधी म्हणून दाखवलं. ती हसली, मग डोळे पुसले. "पहिलं मी ऐकलं होतं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी प्रत्येक ओळ दोनदा घेतली. पहिल्यांदा शब्द कळावेत, दुसऱ्यांदा हसता यावं. मराठीला आमच्याकडचे हसले, हिंदीला तिकडचे, आणि भावजींचा हात आपसूक कपाळाकडे गेला तेव्हा सगळेच. दुसऱ्या खेपेला 'सारी' दोन्ही बाजूंनी एकदम सूर लांबवत म्हटला.

काका मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. जेवताना माझ्याजवळ आले. "चाल मीच सुचवली होती."

"हो," मी म्हणाले आणि ताट घेऊन दुसरीकडे बसले. लोक मला शाबासकी देत होते. माझा जबडा अजून आवळलेलाच होता.